प्रकल्प अहवाल जमा केलाय, आता व्हायव्हा: आकडेवारीच्या प्रकरणावर काय विचारतात?

सायली_प

अहवाल जमा झाला, गाईडची सही झाली, पुढच्या आठवड्यात व्हायव्हा. विषय असा: प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या कर्मचाऱ्यांच्या कामातल्या समाधानात फरक आहे का?

१५० प्रश्नावल्या वाटल्या, १२० भरून परत आल्या. त्यांत प्रशिक्षण मिळालेले ७०, न मिळालेले ५०. समाधानाचे पाच प्रश्न होते, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १५ च्या वर गेली तर समाधानी, १५ किंवा कमी असेल तर असमाधानी धरलं. पहिल्या गटात ४९ समाधानी निघाले, दुसऱ्यात २५. काय-वर्ग कसोटी लावली, उत्तर ४.९४ आलं, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली. निष्कर्षात लिहिलंय, "प्रशिक्षणामुळे कर्मचाऱ्यांचे समाधान वाढते."

पहिली तीन प्रकरणं मला तोंडपाठ आहेत. चौथं, म्हणजे आकडेवारीचं, मी स्वतः केलंय, पण कोणी "का?" विचारलं की शब्द सापडत नाहीत. एक्स्टर्नल साधारण काय विचारतात आणि न गडबडता उत्तर कसं द्यायचं, हे कृपया सांगा.

वाचक_एक

तोंडपाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर मध्येच तोडलं की पुढचं आठवत नाही.

कोडवाला

माझ्या व्हायव्हात लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलाच गेला नाही. हजेरी नोंदवणारं ॲप होतं, डेमोशिवाय दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, प्रत्येक स्क्रीनचा फोटो छापून न्या आणि डेटाबेसची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. मला सगळ्यात जास्त प्रश्न आले ते "एकाच वेळी दोघांनी हजेरी लावली तर काय होईल?" या प्रकारचे.

सायली_प

धन्यवाद कोडवाला, पण माझं सॉफ्टवेअर नाहीये, सर्वेक्षण आहे.

कोडवाला

अरे हो, घाईत वाचलं. तरी गाभा तोच असतो: तुमच्या कामात कुठल्या टोकाला जाऊन ते मोडेल, हे परीक्षक शोधतो. तुमच्याकडे तो टोकाचा भाग कुठला, ते आधी शोधा.

निनाद७

मी दोन वर्षांपूर्वी याच पद्धतीचा प्रकल्प केलाय, सांगतो. पहिला प्रश्न हमखास: १२० च का? उत्तर, ३० च्या वर नमुना असला की पुरेसा असतो, हा नियम आहे. दुसरा प्रश्न पी-व्हॅल्यूचा. तुमची ०.०२६ च्या आसपास येईल. म्हणजे तुमची परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९७.४ टक्के. हे ठणकावून सांगा, पुढे कोणी विचारत नाही.

खडूफळा

निनाद, पी-व्हॅल्यू ०.०२६ हे बरोबर. त्याचा अर्थ मात्र असा नाही, आणि नेमकं हेच ठणकावून सांगितलं की परीक्षक पुढे सरसावून बसतो.

मी बरीच वर्षं बहिस्थ परीक्षक म्हणून बसलोय, तर आमची बाजू सांगतो. एका विद्यार्थ्याला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. अहवाल पहिल्या पानापासून कोणी वाचत नाही. मी तो मागून उघडतो. शिफारशी वाचतो, त्यातलं एक वाक्य निवडतो आणि विचारतो, "हे कुठून आलं?" विद्यार्थ्याला शिफारशीवरून निष्कर्षाकडे, तिथून तक्त्याकडे आणि तक्त्यावरून प्रश्नावलीतल्या नेमक्या प्रश्नाकडे उलटं चालत जाता आलं, तर काम त्याचं स्वतःचं आहे हे पाच मिनिटांत कळतं. सायली, तुझ्या प्रत्येक शिफारशीसमोर पेन्सिलीनं तक्त्याचा क्रमांक लिही. ज्या शिफारशीला तक्ताच सापडणार नाही, तिथे तुला प्रश्न येणार.

आता पी-व्हॅल्यू. साध्या भाषेत असं म्हण: "सर, प्रशिक्षण आणि समाधान यांचा काहीच संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता सुमारे २.६ टक्के आहे. मी ५ टक्क्यांची मर्यादा आधीच ठरवली होती, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली." एवढं बोल आणि थांब. लगेच पुढचा प्रश्न येईल: "मर्यादा १ टक्का धरली असती तर?" मग नाकारता आली नसती. १ टक्क्याला ६.६३५ हवं, तुझं ४.९४ आहे. ५ टक्क्यांना ३.८४१ पुरतं. दोन्ही आकडे लक्षात ठेव.

निनाद७

पण सर, मला तर माझ्या व्हायव्हात हेच उत्तर चाललं होतं.

खडूफळा

चालून गेलं असेल. परीक्षकाचं लक्ष दुसरीकडे असेल, किंवा त्याचाही तोच समज असेल. त्यावर भरवसा कशाला ठेवायचा?

३० चंही तसंच. सरासरीच्या संदर्भात ती ढोबळ खूण सांगतात. सायलीच्या कसोटीसाठी अट वेगळी आहे: प्रत्येक चौकोनात अपेक्षित संख्या फार लहान नको, साधारण ५ च्या खाली नको. "१२० च का?" याचं खरं उत्तर बहुतेक वेळा साधं असतं: १५० वाटल्या, एवढ्या परत आल्या. तेच सांगायचं आणि पुढे जोडायचं की कसोटीची अट यात पूर्ण होते.

अबोली

सायली, मागच्या वर्षी मी याच जागी होते. मला सरांनी फळ्यावर बोलावलं आणि म्हणाले, एसपीएसएस विसरा, हातानं करून दाखवा. माझे हात गार पडले होते, पण आदल्या रात्री एकदा केलं होतं म्हणून निभावलं. तू पण एकदा कर. २×२ चा तक्ता आहे, दहा मिनिटं लागतात.

मध्यमा

अबोलीला दुजोरा. करूनच दाखवते, म्हणजे सायलीला पडताळता येईल.

एकूण समाधानी ७४, असमाधानी ४६. संबंध नसता तर दोन्ही गटांत समाधानींचं प्रमाण सारखं, म्हणजे १२० पैकी ७४ असतं. मग प्रशिक्षित ७० मध्ये अपेक्षित समाधानी किती? ७० गुणिले ७४ भागिले १२०, म्हणजे ४३.१७. प्रत्यक्षात ४९ आहेत, फरक ५.८३. बाकीचे तीन चौकोन वजाबाकीनं मिळतात: २६.८३, ३०.८३, १९.१७. चारही ठिकाणी फरक ५.८३ चाच येतो, फक्त चिन्ह बदलतं. फरकाचा वर्ग ३४.०३. त्याला चारही अपेक्षित संख्यांनी वेगवेगळं भागून बेरीज केली की ४.९४.

इथेच "डिग्री ऑफ फ्रीडम १ च का?" याचंही उत्तर आहे. बेरजा ठरलेल्या असल्या की एक चौकोन भरल्यावर उरलेले तीन आपोआप भरतात. मोकळा चौकोन एकच. फळ्यावर हे दाखवलंस तर वेगळं सूत्र सांगावं लागत नाही.

तुझ्या आउटपुटमध्ये तक्त्याखाली ही ओळ असेल, तिच्यावर बोट ठेवून विचारतात:

```
0 cells (0.0%) have expected count less than 5. The minimum expected count is 19.17.
```

ही अपेक्षित संख्येबद्दल आहे, प्रत्यक्ष मोजलेल्या संख्येबद्दल नाही. मुलं हमखास इथे अडखळतात. १९.१७ कुठला चौकोन आहे ते ओळखता आलं पाहिजे: प्रशिक्षण न मिळालेले आणि असमाधानी.

सायली_प

मध्यमाताई, अगदी हीच ओळ आहे! मी ती नुसती छापली होती, वाचली नव्हती. आत्ता वहीवर केलं, ४.९४ आलं. त्याच तक्त्यात Continuity Correction म्हणून आणखी एक आकडा आहे, ४.१३. हा वेगळा का?

मध्यमा

ती येट्सची दुरुस्ती. २×२ तक्त्यात प्रत्येक फरकातून अर्धा वजा करून मग वर्ग करतात, म्हणून आकडा कमी येतो. तुझ्या बाबतीत ४.१३ सुद्धा ३.८४१ च्या वर आहे, पी सुमारे ०.०४२. निर्णय बदलत नाही. "दोन्ही आकड्यांनी निष्कर्ष तोच येतो" एवढं म्हण.

खडूफळा

मी तर २×२ असेल तर दुरुस्त केलेलाच आकडा द्यावा या मताचा आहे.

मध्यमा

सर, इथे माझं मत वेगळं. ही दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त सावध आहे. अपेक्षित संख्या एवढ्या मोठ्या असताना मी ती लावत नाही. संख्याशास्त्रवाल्यांमध्येही यावर एकमत नाही. सायलीनं दोन्ही माहीत असल्याचं दाखवावं, बस.

वाचक_एक

दोन परीक्षक समोर बसले आणि त्यांच्यातच हा वाद सुरू झाला, तर सायलीची वीस मिनिटं आरामात निघून जातील. :)

खडूफळा

हे होतं बरं का. तेव्हा विद्यार्थ्यानं मध्ये पडायचं नाही.

सायली, आता तुझ्या निष्कर्षाच्या वाक्याकडे येतो, कारण माझं बोट पहिल्यांदा तिथेच गेलं असतं. "प्रशिक्षणामुळे समाधान वाढते." या वाक्यातला "मुळे" तुझ्या तक्त्यातून येत नाही. तू लोकांना एकदाच विचारलंस. प्रशिक्षणाआधी आणि नंतर असं मोजलं नाहीस. मुळातच कामात रमलेला माणूस प्रशिक्षणाला स्वतःहून नाव देत असेल. किंवा जुन्या लोकांना प्रशिक्षणही मिळालं असेल आणि नको वाटणारे आधीच नोकरी सोडून गेले असतील. तुझा तक्ता या शक्यता खोडून काढत नाही.

अहवाल छापून झालाय, वाक्य बदलता येणार नाही. विचारलं तर म्हणायचं: "सर, मोजमाप एकाच वेळचं आहे, त्यामुळे संबंध दिसतो एवढंच ठामपणे म्हणता येईल. प्रशिक्षित गटात ७० टक्के समाधानी आहेत, दुसऱ्या गटात ५० टक्के. कारण सिद्ध करायचं तर आधी-नंतर मोजावं लागेल." वाक्याचा बचाव करत बसू नकोस. बचाव सुरू झाला की पुढची दहा मिनिटं त्याच एका वाक्यावर जातात, हे मी समोर बसून पाहिलंय.

अबोली

हे वाचून मला एक शंका आली. १५ ची रेषा कशी ठरली? माझ्या वेळी असाच प्रश्न आला होता, "हीच मर्यादा का घेतली?"

सायली_प

पाचही प्रश्नांना मधला पर्याय ३ निवडला तर बेरीज १५ होते. म्हणून त्याच्या वर समाधानी.

मध्यमा

तर्क ठीक आहे. पण बरोबर १५ असलेले किती जण आहेत? ते ना इकडचे, ना तिकडचे. तू त्यांना असमाधानी धरलंयस. शीट उघड आणि मोज.

सायली_प

मोजले. सहा जण आहेत. प्रशिक्षित दोन, अप्रशिक्षित चार.

मध्यमा

मग आता नीट बघ. हे सहा जण समाधानींत टाकले तर ५१ विरुद्ध २९ होतात. काय-वर्ग २.९० येतो, म्हणजे ३.८४१ च्या खाली. आणि त्यांना पूर्ण वगळलं, ११४ जणांवर गणित केलं, तर ३.७८. तोही किंचित खाली.

म्हणजे तुझा "फरक लक्षणीय आहे" हा निर्णय त्या सहा जणांना कुठे बसवलं यावर उभा आहे. कोडवाला म्हणत होते तो मोडणारा टोकाचा भाग हाच.

सायली_प

बापरे. म्हणजे माझा प्रकल्पच चुकला का?

खडूफळा

नाही. मर्यादा तू कारणासहित ठरवलीस, अहवालात लिहिलीस, ती सगळ्यांना सारखी लावलीस. आकडे बघून नंतर सोयीची रेषा ओढली असतीस तर ती लबाडी होती. तुझा निकाल सीमेजवळचा आहे, एवढंच यातून कळतं.

मध्यमा

आणि दिशा कुठेही उलटलेली नाही. सहा जण समाधानींत धरले तरी प्रशिक्षितांत सुमारे ७३ टक्के आणि दुसऱ्या गटात ५८ टक्के समाधानी. फरक लहान होतो, नाहीसा होत नाही. मूळ अडचण अशी की ५ ते २५ गुणांची माहिती आपण दोन खणांत कोंबली. १६ वाला आणि २५ वाला एकाच खणात, १५ वाला पलीकडे. पूर्ण गुण तसेच ठेवून दोन गटांची तुलना करणारी कसोटी, उदाहरणार्थ मान-व्हिटनी, लावली असती तर ही रेषाच लागली नसती. "पुन्हा केलं तर काय बदलाल?" असं विचारलं तर हे तुझं उत्तर. घरी लावूनही बघ, पण छापलेल्या अहवालातला आकडा म्हणून तो सांगू नकोस.

निनाद७

माझं स्पष्ट मत: हे सहा जणांचं प्रकरण स्वतःहून अजिबात काढू नका. परीक्षकाच्या हातात काठी कशाला द्यायची? विचारलं तरच बोला.

खडूफळा

आणि मी उलट सांगेन. अभ्यासाच्या मर्यादा विचारल्या की हीच पहिली सांग. "वेळ कमी होता, नमुना लहान होता" हे प्रत्येक अहवालात असतं, ते ऐकून आम्ही पान उलटतो. "सर, बरोबर १५ गुणांचे सहा जण होते, त्यांना दुसरीकडे धरलं तर काय-वर्ग २.९० येतो," असं जो सांगतो, त्यानं स्वतःच्या तक्त्याला स्वतः प्रश्न विचारलेला असतो.

अबोली

सर, तुमच्यासारखा परीक्षक समोर असेल तर ठीक. माझ्या एक्स्टर्नलना असं काही सांगितलं असतं, तर "मग अहवालात का नाही लिहिलं?" यावरच गाडी अडली असती. मला निनादचंही थोडं पटतं.

खडूफळा

तो धोका आहे, नाकारत नाही. "का नाही लिहिलं?" याला उत्तर, "अहवाल दिल्यानंतर तयारी करताना तपासलं." खरं आहे तेच. कोणाला चालेल, कोणाला नाही, हे मी सांगू शकत नाही.

सुखदा

मध्येच विचारते, माझा प्रकल्प चौघांचा आहे. आकडेवारी एकानंच केली. मला विचारलं तर "ते त्यानं केलंय" म्हटलं तर चालतं का?

अबोली

सुखदा, माझ्या बॅचमध्ये एकीनं असं म्हटलं, तर सर म्हणाले, "मग सही तुमची कशी?" कोणी काय केलं ते खरं सांग, पण तक्ता वाचता आलाच पाहिजे. त्या मुलाला गाठ आणि वर मध्यमाताईंनी केलंय तसं तुमचं गणित एकदा वहीवर करून घे.

सायली_प

होऊन आली! कोणाला उत्सुकता असेल म्हणून लिहिते.

"हे कुठून आलं?" हाच पहिला प्रश्न होता, तिसऱ्या शिफारशीवर. तक्त्याचा क्रमांक लिहिलेला होता, लगेच उघडून दाखवला. "मुळे" या शब्दावर मॅडमनी विचारलं, खडूफळा सरांनी सांगितलं तसं बोलले आणि थांबले. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पी-व्हॅल्यूचा अर्थ विचारला. फळ्यावर गणित करायला लावलं नाही. सहा जणांबद्दल कोणी विचारलं नाही आणि मर्यादांचा विषयही निघाला नाही, त्यामुळे ते सांगायची वेळच आली नाही.

जिथे अडकले तो प्रश्न इथे कोणीच काढला नव्हता: "न आलेल्या ३० प्रश्नावल्या कोणाच्या होत्या?" मी म्हटलं, "मॅडम, मी गटनिहाय नोंद ठेवली नाही, त्यामुळे सांगता येणार नाही." मग त्यांनी विचारलं, "त्या सगळ्या असमाधानी लोकांच्या असतील तर?" मी थोडा विचार करून म्हटलं, "सगळ्या एकाच गटातल्या असतील तर फरक बदलेल. दोन्ही गटांत विभागलेल्या असतील तर किती कोणत्या गटात, यावर अवलंबून राहील." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बरोबर बोलले का?

मध्यमा

बरोबर. आकड्यात बघायचं तर, तीसही असमाधानी आणि सगळे प्रशिक्षित धरले, तर प्रशिक्षितांत १०० पैकी ४९ समाधानी, म्हणजे ५० टक्क्यांवाल्या दुसऱ्या गटापेक्षा एक टक्का कमीच. सगळे अप्रशिक्षित धरले तर ८० पैकी २५, म्हणजे फरक आणखी रुंद. माहीत नाही ते माहीत नाही म्हणालीस आणि मग जे म्हणता येतं तेवढं म्हणालीस, छान केलंस.

खडूफळा

हा प्रश्न मीही विचारतो, इथे सांगायचा राहिला. सुखदा, तुमच्या प्रश्नावल्या किती वाटल्या आणि किती आल्या? गटवार नोंद ठेवली आहे का, ते आधी बघ.

सुखदा

सर, गुगल फॉर्म होता. लिंक ग्रुपवर टाकली होती, किती जणांनी बघितली तेच माहीत नाही.

खडूफळा

मग प्रतिसादाचं प्रमाण काढताच येणार नाही, आणि विचारलं तर तसंच सांग. लिंक कुठल्या ग्रुपवर टाकली आणि त्या ग्रुपमध्ये मुळात कोण होतं, हे मात्र तुम्हा चौघांनाही सांगता आलं पाहिजे.